५०० स्क्वेअर फूट कव्हरेज विसरा, खोलीचे घनमीटर काढा

"दादा, आम्ही चेंबूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारची सोसायटी पाडून तिथे टॉवर चाललाय. सासूबाईंना दमा आहे, रात्रभर खोकतात. त्यांच्या बेडरूमसाठी एअर प्युरिफायर घ्यायचाय, खोली १२ बाय ११ फूट, छत साडेनऊ फुटांवर. दुकानदाराने एक दाखवला, बॉक्सवर ५०० स्क्वेअर फूट आणि सीएडीआर २५० लिहिलंय, म्हणाला दार उघडं ठेवा, हॉलपण कव्हर होईल. दुसरा ३६० सीएडीआरवाला, तो मोठा आणि बराच महाग. कुठला घेऊ? आणि माझ्या जाऊबाईंकडे दोन वर्षांपासून प्युरिफायर आहे, लाल दिवा लागला की त्या फिल्टर व्हॅक्युमने साफ करतात आणि बटण दाबून दिवा घालवतात, म्हणतात स्क्रीनवर आकडा १० दाखवतो म्हणजे मस्त चाललाय. मग फिल्टर बदलायचा तरी कधी?"
— चेंबूरहून एक वाचक

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा कुठला माहितीये का, तो साडेनऊ फूट. बहुतेक लोक नुसती लांबी-रुंदी सांगतात आणि दुकानदारही स्क्वेअर फुटातच बोलतो, पण मशीनला जमीन नाही हवा साफ करायचीय ना, म्हणून उंची धरल्याशिवाय हिशोब होतच नाही. तर आधी तो करून टाकू. १२ गुणिले ११ गुणिले साडेनऊ म्हणजे १२५४ घनफूट, एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट असतात, भागाकार केला की तुमची खोली आली साडेपस्तीस घनमीटर. कपाट, पलंग वगैरे वजा करत बसू नका, तेवढी हवा जास्त धरली गेली तर आपलंच भलं.

आता सीएडीआर. मशीन एका तासात किती स्वच्छ हवा खोलीत सोडतं तो हा आकडा, आपल्याकडे घनमीटर प्रति तासात, बॉक्सवर m³/h असं छापलेलं असतं. बंद चेंबरमध्ये धूर सोडून मशीन चालवतात आणि धूर किती वेगाने कमी होतो त्यावरून तो काढतात, म्हणजे फिल्टर किती बारीक आहे आणि पंखा किती हवा ओढतो हे दोन्ही त्या एका आकड्यात आलं. म्हणून नुसतं "एच १३ हेपा, ९९.९५ टक्के" वाचून भुलायचं नाही, फिल्टर कितीही भारी असला तरी त्यातून हवाच कमी जात असेल तर खोली साफ व्हायला रात्र जाईल. अमेरिकेतून कोणी आणलेलं मशीन असेल तर त्याचा सीएडीआर घनफूट प्रति मिनिटात असतो, त्याला १.७ ने गुणायचं, म्हणजे तिकडचा १५० हा आपला २५५ झाला. हे माहीत नसलं की तिकडचं चांगलं मशीन इथे उगाच छोटं वाटतं.

खोलीतली सगळी हवा तासाला पाच वेळा फिल्टरमधून जावी असा हिशोब बेडरूमसाठी धरायचा, आणि घरात दमेकरी असताना तर त्याच्या खाली मी सांगणार नाही. अमेरिकेतल्या एएचएएम या उत्पादकांच्या संघटनेचा एक सोपा नियम आहे, स्क्वेअर फुटांच्या दोन तृतीयांश इतका सीएडीआर घ्या, घनफूट प्रति मिनिटात. तोही तासाला साधारण पाच वेळांवरच बसवलेला आहे, फक्त त्यात छत आठ फुटांवर धरलंय. त्या नियमाने तुमच्या १३२ स्क्वेअर फुटांना ८८ येतात, म्हणजे आपले १५० घनमीटर, पण तुमचं छत साडेनऊ फुटांवर असल्यामुळे खरी गरज आहे साडेपस्तीस गुणिले पाच, म्हणजे जवळजवळ १८०. दीड फूट उंचीने तीस घनमीटरचा फरक पडला बघा.

मग दुकानदाराचे ५०० स्क्वेअर फूट कुठून आले? उलटा हिशोब करू. ५०० स्क्वेअर फूट, उंची तुमच्याच घराची, म्हणजे सुमारे १३५ घनमीटर हवा, आणि मशीन देतंय तासाला २५०, म्हणजे तासाला दोनदासुद्धा पुरतं नाही. खोटं काही लिहिलेलं नाहीये, फक्त तासाला किती वेळा हे गाळलंय. तेच मशीन पाच वेळांच्या हिशोबाने लावलं तर ५० घनमीटर, म्हणजे तुमच्या उंचीला १८५ स्क्वेअर फुटांच्या आसपास. त्यामुळे कव्हरेजचा आकडा ज्याचा त्याने आपल्या सोयीने लावलेला असतो, दोन कंपन्यांचे कव्हरेज एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थच नाही, सीएडीआर ताडून बघा.

आता तुम्ही म्हणाल की मग २५० वाला चालेल की, मला तर १८० च हवेत. इथेच गंमत आहे. बॉक्सवरचा सीएडीआर हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या स्पीडचा असतो आणि त्या स्पीडला मशीनचा आवाज पन्नास डेसिबलच्या वर जातो, सासूबाई पहिल्याच रात्री ते बंद करायला लावतील आणि त्यांचं चुकणारही नाही. रात्री प्युरिफायर चालतो तो मधल्या नाहीतर स्लीप मोडवर. मधल्या स्पीडला समजा निम्मी हवा धरली, तर २५० वाला देईल १२५, तुमच्या खोलीत तासाला साडेतीन वेळा, आणि ३६० वाला देईल १८०, बरोबर पाच वेळा. स्लीप मोडवर तर कितीतरी मशीन पाव हवासुद्धा देत नाहीत, तिथे छोटं मशीन चालू असून नसल्यासारखंच. काही कंपन्या स्पीडप्रमाणे सीएडीआर आणि आवाज दोन्ही देतात, दुकानदाराकडे तो कागद मागा, नाही मिळाला तर निम्मं धरून चाला. माझं उत्तर म्हणून सरळ आहे, ३६० वाला घ्या आणि मधल्या स्पीडला चालवा. पैसे वाचवायचेच असतील तर ते अ‍ॅप, वायफाय, रंगीत दिवे असल्या गोष्टींवर वाचवा, सीएडीआरवर नाही. आणि आयोनायझर किंवा "प्लाझ्मा" असं काही त्यात असेल तर ते बटण बंद ठेवता येतं का तेवढं विचारून घ्या, कारण अशा काही यंत्रांतून थोडा ओझोन निघतो आणि दम्याला ओझोन वाईट. कॅलिफोर्नियात तर प्युरिफायरमधून निघणाऱ्या ओझोनवर कायद्याने मर्यादा आहे.

दार उघडं ठेवून हॉल कव्हर होईल हे मात्र डोक्यातून काढून टाका. हॉल धरून हवा झाली शंभर-सव्वाशे घनमीटर, तिथे मधल्या स्पीडचे १८० म्हणजे तासाला दीड वेळ. रात्री दार लावायचं, प्युरिफायर त्या एकाच खोलीचा.

दारापेक्षाही खिडकी महत्त्वाची आहे, आणि हे लोकांना पटत नाही म्हणून जरा आकडे घेऊन सांगतो. समजा बाहेर पीएम २.५, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, घनमीटरला १२० मायक्रोग्राम आहेत, शेजारी काम चालू असताना हिवाळ्यात हे काही अशक्य नाही. तुमच्या स्लायडिंग खिडक्या नीट बंद केल्या तरी फटींतून बाहेरची थोडी हवा येतच राहते, धरा की दोन तासांत एकदा खोलीभर. थोडी धूळ आपोआप खाली बसते, भिंतींना चिकटते, तेही धरलं. अशा बंद खोलीत प्युरिफायर नसेल तर आतला आकडा ८५ च्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे नुसत्या खिडक्या लावून फार काही होत नाही. पाच वेळांवाला प्युरिफायर लावला की तोच आकडा १० ते १२ वर येतो. आणि आता तोच प्युरिफायर, तोच स्पीड, फक्त "जरा गुदमरतं" म्हणून खिडकी चार बोटं उघडी, तासाला तीनदा बाहेरची हवा आत, तर आकडा ४० च्या वर जाऊन थांबतो. गंमत म्हणजे तासाला दोनच वेळा हवा फिरवणारं स्वस्तातलं मशीन सगळं घट्ट बंद करून चालवलं तर ते २२ पर्यंत आणतं, म्हणजे उघड्या खिडकीतल्या महागड्या मशीनपेक्षा बरं. आपल्याकडची चोवीस तासांची सरकारी मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५, म्हणून खिडकी लावून १२ आणि उघडून ४४ यातला फरक दम्याच्या माणसासाठी छोटा नाही. खिडकीच्या सरकत्या काचांच्या मधल्या फटीला ब्रशवाली पट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, दाराखाली लावायची रबराची पट्टीही मिळते, दोन्हींचा खर्च फिल्टरच्या किमतीपुढे काहीच नाही, त्या आधी लावा.

पण कायम बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो कुठलाही फिल्टर काढत नाही, स्प्लिट एसीपण बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. त्यामुळे दिवसातून एकदा खिडक्या उघडायच्याच. मुंबईत हिवाळ्यात रात्री आणि पहाटे घाण हवा खाली दबून राहते आणि दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की ती बरीच पांगते, म्हणून एरवी मी दुपारची वेळ सांगतो. तुमच्या बाबतीत नेमकं दुपारीच तोडफोड चाललेली असणार, तेव्हा कामगारांची जेवणाची सुट्टी बघा किंवा संध्याकाळी काम थांबल्यावर तासाभराने उघडा. घरी एक छोटा पीएम मीटर असला तर अंदाज करायची गरजच नाही, आणि तो मीटर तुम्हाला फिल्टरसाठीही लागणारच आहे, ते पुढे सांगतो.

एक गोष्ट प्युरिफायर करणार नाही ती आत्ताच सांगून टाकतो म्हणजे महिन्याभराने मला रागावून पत्र नको. टीपॉयवर, टीव्हीवर जी सिमेंट-मातीची पांढरी धूळ बसते ना, ती जाड असते, मशीनपर्यंत पोचायच्या आधीच खाली बसते. ती तशीच बसत राहील, ओल्या फडक्यानेच पुसायची, झाडूने उडवायची नाही. प्युरिफायर पकडतो ते हवेत तरंगणारं बारीक, जे डोळ्यांना दिसत नाही आणि छातीत खोल जातं. जाड धूळ कमी व्हायला साइटवालाच नीट वागायला हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढलेत, उंच पत्र्याचं कुंपण, पाडकाम झाकणं, पाणी मारणं, राडारोड्याच्या गाड्या झाकून नेणं. तुमच्या शेजारी यातलं काही दिसत नसेल तर फोटो काढून एम वेस्ट वॉर्डात तक्रार टाका, सोसायटीच्या लेटरहेडवर टाकलीत तर अजून बरं. आणि सासूबाईंचा इन्हेलर डॉक्टरांनी सांगितला असेल तसाच चालू राहू दे, प्युरिफायर आला म्हणून तो कमी करायचा नाही.

आता जाऊबाईंच्या लाल दिव्याकडे येऊ. बहुतेक मशीनमध्ये तो दिवा फिल्टरकडे बघतच नाही. आत तास मोजायचं एक घड्याळ असतं, ठरलेले तास भरले की लाल, काही मशीन फार तर स्पीडचा हिशोब धरतात, बस. मशीन माथेरानला चालवा नाहीतर तुमच्या त्या साइटच्या शेजारी, दिवा जवळजवळ त्याच तासांना लागणार. म्हणजे दिवा लागला म्हणून फिल्टर गेलाच असं नाही, आणि दिवा लागला नाही म्हणून तो ठीक आहे असंही नाही. बटण दाबून दिवा घालवला तर फक्त घड्याळ शून्यावर आलं, फिल्टर होता तसाच.

आणि तो स्क्रीनवरचा १०? मशीनचा सेन्सर मशीनच्याच अंगात असतो, त्याच्या आसपासची हवा नुकतीच मशीनमधून निघालेली असते, त्यामुळे तो स्वतःच्या तोंडापुरतं खरं सांगतो. पलंगाच्या त्या टोकाला उशीपाशी ३५ असू शकतात. फिल्टर जुना झाला, हवा कमी यायला लागली, की हा फरक अजून वाढतो आणि नेमका तेव्हाच स्क्रीन मस्त हिरवी दिसते.

फिल्टर "भरतो" म्हणजे काय होतं हे कळलं की पुढचं सोपं आहे. लोकांना वाटतं भरलेल्या फिल्टरमधून धूळ पलीकडे जायला लागते. तंतूंच्या हेपा फिल्टरमध्ये साधारण उलटं होतं, धूळ साचेल तशी जाळी अजून घट्ट होते, पकडायचं काम चालूच राहतं, पण हवा ओढली जात नाही, म्हणजे सीएडीआर पडतो. घरगुती फिल्टरमध्ये अजून एक भानगड असते, त्यातल्या प्लास्टिकच्या तंतूंवर कारखान्यातच विजेचा भार दिलेला असतो, त्याच्या जोरावर ते कमी दाबात बारीक कण ओढून घेतात. अगरबत्ती, सिगरेट, फोडणीचा तेलकट धूर यांनी तो भार हळूहळू मरतो आणि मग पकडही खरोखरच कमी होते. फिल्टर धुतलात की तो भार तर जातोच, कागदाच्या घड्यापण सैल होतात. व्हॅक्युमने वरवरची केसं, लोकर निघते, पण आत तंतूंना चिकटलेलं बारीक निघत नाही आणि नळी जोरात लावली तर घडी फाटू शकते. म्हणून जाऊबाईंना सांगा, व्हॅक्युम मारायचा तो बाहेरच्या जाळीवर, प्रीफिल्टरवर, तो दर पंधरा दिवसांनी मारा, धुता येणारा असेल तर धुऊन पूर्ण वाळवून लावा, तुमच्याकडे तर काम चालू आहे तोवर दर आठवड्याला. हेपाला हात लावायचा नाही.

मग कधी बदलायचा? मशीनची हवा किती कमी झाली ते घरीच मोजता येतं, आणि माझ्या मते दिवा, महिने, फिल्टरचा रंग या सगळ्यांपेक्षा हाच एक विश्वासाचा मार्ग आहे. एक सुटा लेझर पीएम मीटर घ्या. नवीन फिल्टर असतानाच, पहिल्या आठवड्यात, एक दुपार काढा. सासूबाईंना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा, दार लावून, हे नक्की, कारण खोलीत आपण धूर करणार आहोत. मीटर प्युरिफायरपासून लांब, पलंगाच्या उंचीवर ठेवा. खिडक्या दार बंद, सीलिंग फॅन एकावर म्हणजे हवा नीट मिसळेल. एक अगरबत्ती लावा, आकडा चारशेच्या आसपास गेला की ती विझवून खोलीबाहेर न्या, दोन-तीन मिनिटं थांबा आणि प्युरिफायर रोजच्या त्याच मधल्या स्पीडला सुरू करा, ऑटोवर नाही हां, ऑटोवर तो मध्येच स्पीड बदलेल आणि सगळं मोजमाप वाया. आता आकडा ३०० वर आला की घड्याळ लावा आणि १५० वर आला की बंद करा. झाले मिनिटं. ४२ ला त्या मिनिटांनी भागा, तासाला किती वेळा हवा साफ होतेय ते मिळालं.

तुमच्या खोलीचंच उदाहरण घ्या. नवीन फिल्टर, ३६० वाला, मधला स्पीड. पाच वेळा मशीनची आणि फटी वगैरेंची मिळून साधारण ०.७, एकूण ५.७, म्हणजे ४२ भागिले ५.७, साडेसात मिनिटांच्या आत आकडा निम्मा व्हायला हवा. पहिल्याच दिवशी बारा-पंधरा मिनिटं लागली तर आधी फिल्टर बाहेर काढून बघा, त्यावरची प्लास्टिकची पिशवी काढायची राहिलेली असते, हसू नका, खूप घरांत महिनोन्महिने ती तशीच असते. पिशवी नसेल तर मशीन पडद्यामागे किंवा पलंगाला चिकटून आहे का बघा, हवा ओढायच्या बाजूला फूटभर तरी मोकळी जागा लागते. तेही ठीक असेल तर मधला स्पीड निम्म्याहून कमी हवा देतोय, मग एक स्पीड वर जाऊन परत मोजा.

हीच टेस्ट दर तीन महिन्यांनी, तोच स्पीड, मीटर त्याच जागी. साडेसात मिनिटांचे नऊ झाले तर घाबरू नका, प्रीफिल्टर साफ करून परत बघा. साडेअकराच्या आसपास गेलं तर ४२ भागिले साडेअकरा म्हणजे ३.६५, त्यातले ते ०.७ वजा केले की मशीनचे उरले तीनच्या आत, पाचावरून. चाळीस टक्के हवा गेली, फिल्टर मागवा. स्पीड वाढवून अजून महिना-दोन महिने ढकलता येतं, पण मग आवाज वाढतो आणि आपण पुन्हा पहिल्या भांडणावर येतो. पावसाळ्यात मात्र ही टेस्ट करू नका, दमट हवेत हे मीटर उगाच जास्त दाखवतात, ओलाव्याने कण फुगतात आणि मीटरला ती धूळच वाटते.

मोजायच्या आधीही काही गोष्टींत फिल्टर सरळ बदलायचा असतो. फिल्टर काढून त्याची स्वच्छ बाजू बघा, जिथून हवा बाहेर पडते ती. मळकी बाजू करडी होणारच, तिच्या रंगावरून काही कळत नाही. पण स्वच्छ बाजूला कडेने काळ्या रेषा दिसल्या, किंवा मशीनच्या हवा सोडायच्या जाळीवर आतून काळं बसलंय, तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय, फोमची पट्टी बसली नाहीये किंवा घडी फाटलीय. स्वस्तातल्या "कंपॅटिबल" फिल्टरमध्ये हे जास्त होतं, माप दोन मिलिमीटरनी कमी असलं तरी पुरतं. दुसरं म्हणजे वास. आतला कार्बनचा थर वेगळा संपतो, तो वायू आणि वास धरतो आणि त्याचं पीएम मीटरला काहीच कळत नाही. मशीन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं आंबूस वास येतो, किंवा फोडणीचा वास पूर्वी अर्ध्या तासात जायचा आता जात नाही, तर कार्बन भरलाय. हेपा आणि कार्बन एकाच डब्यात असतील तर सासूबाईंसाठी डबा बदला, वेगवेगळे असतील तर नुसता कार्बन. तिसरं, बुरशीचा ओलसर वास आला तर हिशोब नाही, टेस्ट नाही, फेकून द्या. मुंबईत हे जून ते सप्टेंबरमध्ये होतं, पावसात हवा तशीही धुतलेली असते, प्युरिफायर आठवडेच्या आठवडे बंद पडून राहतो आणि धूळ भरलेला फिल्टर ओलावा पितो. पावसाळ्यात वापरणार नसाल तर कोरड्या दिवशी तासभर चालवून फिल्टर काढून हवाबंद पिशवीत भरून ठेवा.

तो किती महिने टिकेल याचा अंदाज हवा असेल तर पुन्हा खिडकीपाशीच यावं लागतं. काही बॉक्सवर सीसीएम म्हणून एक माप असतं, चीनच्या मानकातलं, सीएडीआर निम्मा होईपर्यंत फिल्टरने किती धूळ खाल्ली ते, त्यात सगळ्यात वरचा वर्ग पी ४ म्हणजे बारा ग्रॅम किंवा जास्त. तुमच्या खोलीत रोज बारा तास तासाला १८० घनमीटर, आणि खिडकी बंद म्हणून आतला आकडा १० ते १२ च, तर फिल्टर रोज खातो सुमारे २३ मिलिग्रॅम, बारा ग्रॅमला वर्षाच्या वर जातं. खिडकी चार बोटं उघडी, आत ४४, तर रोज ९५ मिलिग्रॅम, तोच फिल्टर चार महिन्यांत निम्म्यावर. खरं घर चेंबरसारखं नसतं, स्वयंपाक आहे, दमटपणा आहे, म्हणून दोन्ही आकडे थोडे कमीच धरा, पण दोन घरांत एकाच मशीनचा फिल्टर एवढा वेगळा का चालतो ते यातून कळेल. म्हणून दुकानात मशीनची किंमत विचाराल तेव्हा ओरिजिनल फिल्टरची किंमतही विचारा, तो आत्ता स्टॉकमध्ये आहे का तेही, आणि साइट चालू असेपर्यंत वर्षाला दोन फिल्टर धरून तीन वर्षांचा हिशोब करा. तुम्ही म्हणताय तो महाग ३६० वाला या हिशोबात कधीकधी स्वस्त पडतो, मोठ्या फिल्टरला घड्या जास्त असतात, भरायला वेळ लागतो.

जाऊबाईंच्या मशीनची पहिल्या दिवशीची मिनिटं आपल्याकडे नाहीत, पण तिथेही अडत नाही. त्यांच्या खोलीचे घनमीटर काढा, बॉक्सवरच्या सीएडीआरला त्याने भागा, सगळ्यात मोठ्या स्पीडला टेस्ट करा, ४२ ला मिनिटांनी भागून त्यातून ०.७ वजा करा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. दोन वर्षं आणि रोजची अगरबत्ती, माझा अंदाज आहे निम्म्याच्याही खाली निघेल. नवीन फिल्टर आला की त्यांच्यासमोरच परत मोजा, आणि ती मिनिटं, तारीख, स्पीड मार्करने फिल्टरच्या फ्रेमवरच लिहून ठेवा, वहीत लिहिलेलं सापडत नाही.